केवळ तारखा पुरत नाहीत : उधळ्या वारसासाठी मृत्युपत्रातील ट्रस्ट

व्यापारी घराण्यात संपत्ती उभी करण्यास दोन पिढ्या लागतात आणि ती मोडण्यास कधी कधी दोन वर्षेही पुरतात. मुलगा मनाने वाईट नसतो, व्यसनी नसतो, बुद्धीनेही कमी नसतो. पैसा मात्र त्याच्या हाती टिकत नाही. मित्रासाठी जामीन राहणे, फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यात एका दुपारी दोन लाख घालवणे, ते भरून काढण्यासाठी हातउसने घेणे आणि हातउसने फेडण्यासाठी व्याजाने घेणे, असा तो क्रम असतो. वडील असेपर्यंत पेढीची तिजोरी त्यांच्या हाती असते. त्यांच्या पश्चात काय, हा प्रश्न अनेक घरांत मनात असतो, पण उच्चारला जात नाही.

अशा मुलाला कायद्याने कोणी पालक नेमून देत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि सुबुद्ध असलेली व्यक्ती आपल्या मालकीचा पैसा हवा तसा खर्च करू शकते. उधळेपणा ही अक्षमता मानली जात नाही. म्हणून जे करावयाचे ते पैसा त्याच्या मालकीचा होण्यापूर्वीच करावे लागते, आणि त्याचे साधन म्हणजे मृत्युपत्रातून निर्माण होणारा खासगी ट्रस्ट. संपत्ती मुलाच्या नावे न देता विश्वस्तांच्या नावे द्यावयाची, आणि त्यांनी ती त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या हितासाठी टप्प्याटप्प्याने वापरावयाची, ही त्यामागील कल्पना.

समाजातील बहुतेक कुटुंबांना ट्रस्ट हा शब्द मंदिर, पाठशाळा किंवा बोर्डिंग यांच्या संदर्भात परिचित आहे. ते सार्वजनिक ट्रस्ट होत. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. येथे ज्याचा विचार करावयाचा तो ट्रस्ट एका कुटुंबापुरता असतो. त्यास १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो आणि धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंद करावी लागत नाही. मृत्युपत्रास १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. हिंदू, बौद्ध व शीख यांच्यासमवेत जैनांचा उल्लेख त्याच्या कलम ५७ मध्ये नावानिशी आहे. मृत्युपत्र करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांनी साक्षांकित करणे आवश्यक असते. नोंदणी सक्तीची नाही. तथापि ज्या मृत्युपत्राने एका वारसाचा हात आखडला जाणार, त्याला तोच वारस आव्हान देण्याचा संभव अधिक. त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, डॉक्टरांचा दाखला आणि ज्यांना काहीच मिळणार नाही असे साक्षीदार ही खबरदारी अशा वेळी योग्य ठरते.

नेहमीच्या मसुद्यातील छिद्र

बहुतेक मसुद्यांत पुढील आशयाचे कलम आढळते : “माझ्या धाकट्या मुलाचा हिस्सा मी त्यास मालकी हक्काने देत आहे. विश्वस्तांनी तो सांभाळून त्यास ३५ व्या वर्षी एक तृतीयांश, ४० व्या वर्षी एक तृतीयांश व ४५ व्या वर्षी उर्वरित रक्कम द्यावी.” वाचताना हे कलम पक्के वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत कच्चे आहे.

न्यास अधिनियमाचे कलम ५६ असे सांगते की, ट्रस्टचा लाभार्थी एकच असेल आणि तो करार करण्यास सक्षम असेल, तर तो ट्रस्टची मालमत्ता आपल्या नावे करून देण्याची मागणी विश्वस्ताकडे करू शकतो. लाभार्थी अनेक असले तरी सर्व सक्षम व एकमताचे असतील तर त्यांनाही तोच हक्क आहे. कायद्यानेच दिलेले उदाहरण बोलके आहे. काही सरकारी रोखे विश्वस्तांना दिले. ‘अ’ चोवीस वर्षांचा होईपर्यंत व्याज साठवावे आणि मग सारी रक्कम त्यास द्यावी, असे सांगितले. ‘अ’ सज्ञान होताच सर्व रोखे तत्काळ मागू शकतो, कारण त्या मालमत्तेत त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हितसंबंधच नाही.

उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १३८ याच दिशेने जाते. एखादा निधी कोणास पूर्ण मालकीने दिला आणि तो अमुक रीतीने वापरावा अशी सूचना पुढे जोडली, तर ती सूचना नसल्याप्रमाणे तो निधी घेण्याचा त्यास हक्क असतो. ‘मुलास धंद्यात बसवण्यासाठी इतकी रक्कम’ असे लिहिले, तर मुलगा धंदा न करता रोख रक्कम मागू शकतो. हेही कायद्याच्या पुस्तकातीलच उदाहरण आहे.

याचा अर्थ असा की, वडिलांनी प्रेमाने लिहिलेले ‘मालकी हक्काने’ हे दोन शब्द आणि ‘एकट्या त्याच्यासाठी’ ही रचना मिळून पुढील साऱ्या टप्प्यांवर पाणी फिरवतात. वयाच्या तारखा पैसा थांबवून धरत नाहीत. दोनच गोष्टी तो थांबवतात : त्या पैशात दुसऱ्या कोणाचा तरी खरा हक्क असणे, आणि पैसा द्यावा की नाही, किती व केव्हा, हे ठरवण्याचा खरा अधिकार विश्वस्ताकडे असणे. उरलेली सर्व रचना या दोन खांबांवर उभी राहते.

एक नमुना

हे प्रत्यक्षात कसे बसवावे, यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीच्या बाजारातील एक हळद व्यापारी. वय ६६. थोरला मुलगा पेढी सांभाळतो, मुलगी विवाहित आहे, आणि ३१ वर्षांच्या धाकट्या मुलाचे कर्ज वडिलांनी आजवर दोनदा फेडले आहे. धाकट्याला पत्नी व चार वर्षांची मुलगी आहे. वडिलांनी स्वकष्टार्जित मालमत्तेतून त्याच्यासाठी १ कोटी ८० लाख रुपयांच्या ठेवी व म्युच्युअल फंड, आणि एक सदनिका बाजूला काढण्याचे ठरवले आहे.

येथे पहिली मर्यादा लक्षात घ्यावी. मृत्युपत्राने फक्त स्वतःचे देता येते. एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या मालमत्तेत धाकट्या मुलाचा जो हिस्सा जन्मतःच आहे, तो वडिलांचा नाही. त्यावर ट्रस्टचे कुंपण घालता येत नाही. वडील केवळ स्वतःच्या वाट्यापुरते लिहू शकतात. ज्या घरात बहुतेक संपत्ती एचयूएफमध्ये आहे, तेथे या साधनाचा उपयोग तेवढाच मर्यादित राहतो.

आता ट्रस्टचे लाभार्थी. एकट्या मुलाऐवजी वडील लाभार्थ्यांचा एक वर्ग करतात : धाकटा मुलगा, त्याची पत्नी आणि त्याची मुले. मुलाच्या हयातीनंतर जे उरेल ते त्याच्या मुलांचे. मुले नसतील तर थोरल्याच्या व मुलीच्या मुलांचे. या रचनेत चार वर्षांची नात हीच ट्रस्टची खरी राखणदार ठरते. ती अज्ञान आहे, करार करू शकत नाही, म्हणून ‘सर्व सक्षम व एकमताचे’ ही कलम ५६ ची अट पुरी होत नाही. ती अठरा वर्षांची झाल्यावरही, पुढे जन्मणाऱ्या भावंडांचा व पर्यायी वारसांचा हक्क शिल्लक असल्याने, एकमत जुळवणे सोपे राहत नाही. मात्र अजून न जन्मलेल्या नातवंडांस देताना उर्वरित सर्व हक्क द्यावा लागतो. ‘नातवंडांना हयातभर फक्त व्याज’ अशी अपुरी देणगी त्यांच्यासाठी टिकत नाही. हे वाक्य वकिलाकडून विशेष काळजीने लिहवून घ्यावे.

टप्पे कशाला बांधावेत

टप्पे केवळ वयाला बांधणे ही दुसरी नेहमीची चूक. वडील ८८ व्या वर्षी गेले तर मुलगा तेव्हा ५३ वर्षांचा असेल; ३५, ४० व ४५ हे सर्व टप्पे आधीच उलटून गेलेले असतील आणि सारी रक्कम एकाच दिवशी देय होईल. म्हणून टप्पा मृत्यूच्या तारखेपासूनही मोजावा. नमुन्यातील वडील असे लिहितात : मृत्यूनंतर ३ वर्षांनी, परंतु मुलाच्या ३५ व्या वर्षापूर्वी नव्हे, मूळ निधीच्या १५ टक्क्यांपर्यंत, ६ वर्षांनी २० टक्क्यांपर्यंत, १० वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत. निधी १ कोटी ८० लाखांचा धरल्यास हे टप्पे २७ लाख, ३६ लाख व ४५ लाख होतात, एकूण १ कोटी ८ लाख. उरलेले ४० टक्के, म्हणजे ७२ लाख, मुलाच्या हयातीत मूळ रकमेतून काढावयाचेच नाहीत. त्यावर ७ टक्के उत्पन्न धरले तर करापूर्वी वर्षाला सुमारे ५ लाख, म्हणजे महिन्याला साधारण ४२ हजार रुपये मिळत राहतात. तिन्ही टप्पे मुलाने उधळले, तरी घरात धान्य येईल आणि नातीची फी भरली जाईल, एवढी तळरेषा त्यात राखलेली आहे.

टप्प्यांच्या वाक्यात ‘पर्यंत’ हा शब्द मुद्दाम आहे. विश्वस्तांनी २७ लाख ‘द्यावेत’ असे लिहिले तर त्या दिवशी मुलाला तेवढ्या रकमेचा हक्क प्राप्त होतो. हक्क प्राप्त झाला की तो हस्तांतरितही करता येतो. न्यास अधिनियमाचे कलम ५८ लाभार्थ्यास आपला हितसंबंध दुसऱ्यास देण्याची मुभा देते. व्याजाने देणारे लोक अशी तारीख बरोबर हेरतात. ‘पुढच्या दिवाळीला तुझे २७ लाख सुटणार, तेव्हा आज १५ घे’, असा व्यवहार तारीख उजाडण्यापूर्वीच होऊन जातो. याउलट ‘विश्वस्त आपल्या विवेकाने २७ लाखांपर्यंत देऊ शकतील’ असे लिहिल्यास, विश्वस्तांनी ठराव करीपर्यंत मुलाच्या हाती विकण्यासारखे किंवा गहाण ठेवण्यासारखे काही नसते.

त्याचप्रमाणे ‘३५ व्या वर्षी देय’ आणि ‘३५ व्या वर्षी तो हयात असल्यास’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात, मृत्युपत्रात उलट इच्छा दिसत नसेल तर, उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ११९ नुसार हक्क वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच प्राप्त होतो. फक्त ताबा लांबतो. मुलगा मधेच वारला तर ती रक्कम त्याच्या वारसांकडे, पर्यायाने त्याच्या धनकोंपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या प्रकारात हक्क अट पुरी झाल्यावरच निर्माण होतो आणि रक्कम ट्रस्टमध्येच राहते.

काही मसुद्यांत ‘लाभार्थ्याचा हिस्सा विकता, गहाण ठेवता वा जप्त करता येणार नाही’ असे वाक्य परदेशी नमुन्यांतून उचललेले असते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशा कलमाला बळ आहे. आपल्याकडे अशा नुसत्या मनाईवर भिस्त ठेवू नये. संरक्षण विश्वस्ताच्या विवेकाधिकारातून येते.

विवेकाधिकार म्हणजे मनमानी नव्हे

विश्वस्ताला अधिकार दिला म्हणजे तो काहीही करील, ही भीती रास्त आहे. कलम ४९ तिचे उत्तर देते : विवेकाधिकार वाजवी रीतीने व सद्‌हेतूने वापरला नाही, तर दिवाणी न्यायालय त्यावर नियंत्रण ठेवू शकते. म्हणून विश्वस्ताने प्रत्येक निर्णयाची कारणे इतिवृत्तात लिहून ठेवणे हे त्याचे स्वतःचेच संरक्षण आहे. लाभार्थ्यास हिशेब पाहण्याचाही हक्क असतो.

मृत्युपत्राने विवेकाला काही टेकू द्यावेत. तेही तपासता येतील असे. ‘मुलगा सुधारला आहे असे वाटल्यास’ ही अट कोणालाच तपासता येत नाही आणि भांडण मात्र हमखास लावते. नमुन्यातील वडील टप्प्यापूर्वी तीन कागद मागण्यास सांगतात : मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, अद्ययावत सिबिल अहवाल, आणि सर्व देण्यांची व दिलेल्या जामिनांची सही केलेली यादी. यादीत नसलेले कर्ज पुढे निघाले, तर टप्पा लांबवण्यास तेवढे कारण पुरे. लांबवणे एका वेळी दोन वर्षांहून अधिक नसावे आणि दर वेळी कारण लेखी कळवावे. दार बंद आहे असे मुलाला वाटू नये. ते कशाने उघडते हे त्याला ठाऊक असावे.

मासिक खर्चाचेही असेच. ‘दरमहा ५० हजार द्यावेत’ हा आकडा वीस वर्षांनी अपुरा ठरतो आणि ठरावीक असल्याने तोही तारण म्हणून दाखवला जातो. त्याऐवजी निव्वळ उत्पन्नातून विश्वस्तांना योग्य वाटेल तेवढी रक्कम, आणि शक्य तेथे थेट देणी, अशी व्यवस्था बरी. शाळेची फी शाळेला, आरोग्य विम्याचा हप्ता विमा कंपनीला, सोसायटीची वर्गणी सोसायटीला. सदनिका ट्रस्टच्याच मालकीची राहते; मुलाच्या कुटुंबाला राहण्याचा हक्क मिळतो, विकण्याचा नाही. एकदा रक्कम मुलाच्या खात्यात जमा झाली की तिच्यावरील संरक्षण संपते, हे विश्वस्तांनी सतत ध्यानात ठेवावे.

या नमुन्यात मृत्यूनंतर चौथ्या वर्षी दोन मागण्या आल्या असे समजू. पहिली : कापडाच्या दुकानासाठी १२ लाख. विश्वस्त जागेचा भाडेकरार, जीएसटी नोंदणी आणि मालाची कोटेशने मागतात. अनामत जागामालकाला व मालाचे पैसे बिलाप्रमाणे व्यापाऱ्याला देतात. हाती रोख देत नाहीत. सहा महिन्यांनी दुकानाची वही पाहून उरलेला भाग सोडतात. दुसरी मागणी : एका खासगी व्यक्तीचे ९ लाखांचे देणे फेडण्यासाठी. येथे विश्वस्त प्रथम सावकारीचा परवाना व कर्जाचा कागद मागतात. महाराष्ट्रात सावकारीचे नियमन करणारा २०१४ चा कायदा आहे आणि परवान्याविना व्याजाने पैसे देण्याचा धंदा हा गुन्हा आहे. कागद येत नाहीत. विश्वस्त ती रक्कम देत नाहीत आणि मुलाला वकिलाकडे पाठवून वकिलाची फी तेवढी भरतात. एकदा ट्रस्टने असे कर्ज फेडले की ट्रस्ट हाच बाजारात मुलाचा जामीन होऊन बसतो, हे त्यामागील कारण त्यांनी इतिवृत्तात नोंदवले आहे.

विश्वस्त कोण

घराबाहेरचा माणूस नको, म्हणून थोरल्या भावालाच एकमेव विश्वस्त करण्याची प्रथा आहे. तीत दोन दोष आहेत. प्रत्येक नकार हा विश्वस्ताचा नकार न राहता भावाचा नकार होतो, आणि वडिलांनी मिटवू पाहिलेला तंटा ते गेल्यावर पेटतो. शिवाय पर्यायी वारस थोरल्याचीच मुले असतील, तर त्याने वाचवलेला प्रत्येक रुपया स्वतःच्या घरासाठी वाचवला, असा आरोप होणारच. तो खोटा असला तरी खोडून काढणे कठीण.

तीन विश्वस्त असावेत : मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे एक आप्त, एक सनदी लेखापाल किंवा वकील, आणि व्यापारातील एक जाणता माणूस. तिघेही वडिलांच्या वयाचे नसावेत. ट्रस्ट तीस वर्षे चालू शकतो. एखादा वारला किंवा निवृत्त झाला तर पुढचा कोणी नेमावा, हे लिहून ठेवावे. कायद्याप्रमाणे सर्व विश्वस्तांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. बहुमताने चालावयाचे असेल तर मृत्युपत्रात तसे म्हणावे लागते. मानधनही लिहिल्याखेरीज घेता येत नाही. विनामूल्य काम करणारा विश्वस्त दुसऱ्या वर्षापासून बैठकीला येईनासा होतो, हा अनुभव नवा नाही. आप्तांपैकी कोणी योग्य नसेल तर शुल्क घेऊन हे काम करणाऱ्या विश्वस्त कंपन्या आहेत. त्यांचे वार्षिक शुल्क निधीच्या मानाने परवडते का, हे आधी पाहावे. नेमणुकीपूर्वी प्रत्येकाची संमती विचारावी, कारण कोणावरही विश्वस्तपद स्वीकारण्याची सक्ती नसते.

व्यापारी घरांतील एक खास धोका येथेच सांगणे योग्य. ट्रस्टचा पैसा ‘घरच्याच पेढीत’ व्याजाने ठेवण्याचा मोह फार असतो. पेढी सुरळीत असेपर्यंत कोणाची तक्रार नसते. ती अडचणीत आली की धाकट्याचे संरक्षणच थोरल्याच्या तोट्यात बुडते. ट्रस्टचा निधी कुटुंबातील कोणत्याही भागीदारीस, कंपनीस वा व्यक्तीस कर्जाऊ देऊ नये, हे वाक्य मृत्युपत्रात स्पष्ट असावे.

कर आणि नामनिर्देशन

ज्या ट्रस्टमध्ये कोणाचा किती हिस्सा हे विश्वस्तांवर सोपवलेले असते, त्याच्या उत्पन्नावर एरवी कमाल दराने कर लागतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६४ ने यास एक महत्त्वाचा अपवाद ठेवला : ट्रस्ट मृत्युपत्राने निर्माण झाला असेल आणि त्या व्यक्तीने मृत्युपत्राने केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल, तर कर टप्प्यांच्या दराने आकारला जातो. म्हणून धाकट्यासाठी एक व नातीसाठी दुसरा असे दोन ट्रस्ट एकाच मृत्युपत्रात करण्यापूर्वी विचार करावा. दुसरा ट्रस्ट पहिल्याचीही सवलत घालवतो. धंद्याचा नफा ट्रस्टमध्ये आला तरी ही सवलत साधारणतः राहत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मसुदा अंतिम करताना सनदी लेखापालाकडून त्या दिवशीची तरतूद पाहून घ्यावी.

उत्पन्न साठवण्यालाही मर्यादा आहे. न दिलेले उत्पन्न मुद्दलात मिळवत राहण्याची सूचना सर्वसाधारणपणे मृत्यूपासून १८ वर्षांपर्यंतच चालते. त्यापुढे दर वर्षीचे निव्वळ उत्पन्न लाभार्थ्यांच्या वर्गात वाटावे, असे आधीच लिहिले म्हणजे प्रश्न उरत नाही.

शेवटची गोष्ट मृत्युपत्राबाहेरची आहे आणि तिच्याचकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मसुदा निर्दोष असतो. पण बँकेतील ठेवीवर दहा वर्षांपूर्वी धाकट्याचेच नामनिर्देशन केलेले असते. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम देऊन बँक मोकळी होते. ती व्यक्ती मालक होत नाही, तिने रक्कम खऱ्या हक्कदारांस म्हणजे विश्वस्तांस द्यावी, हे कायद्याने खरे. पण उधळ्या माणसाच्या खात्यात गेलेली रक्कम न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबत नाही. आयुर्विम्यात तर पुढची अडचण आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, पॉलिसीधारकाने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेल्या विम्यात आईवडील, पती-पत्नी वा मुले नामनिर्देशित असतील, तर सामान्यतः ती रक्कम त्यांच्याच लाभाची ठरते. म्हणजे धाकट्याच्या नावे नामनिर्देशन असलेली पॉलिसी ट्रस्टमध्ये येतच नाही. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीची संयुक्त खातीही व्यवहारात तशीच निसटतात.

म्हणून मृत्युपत्रावर सही करण्याच्या आठवड्यातच एक तक्ता करावा : प्रत्येक ठेव, फोलिओ, डीमॅट खाते, पॉलिसी व संयुक्त खाते, आणि त्यासमोर सध्याचे नामनिर्देशन. ट्रस्टसाठी ठेवलेल्या रकमांवर धाकट्याऐवजी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचे, ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात त्याचे, नाव घालावे आणि बँकेची पोच तक्त्याला जोडावी.

मसुदा हाती आला की तो चार ठिकाणी बोट ठेवून वाचावा. ‘मालकी हक्काने’ हे शब्द धाकट्याच्या नावापुढे आहेत का? त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा, विशेषतः अज्ञान नातवंडाचा, हक्क लिहिला आहे का? टप्पे फक्त वयाला बांधले आहेत का? ‘द्यावेत’ आणि ‘देऊ शकतील’ यांपैकी कोणते क्रियापद वापरले आहे? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’, दुसऱ्याचे ‘नाही’ किंवा चौथ्याचे ‘द्यावेत’ असेल, तर मसुदा वकिलाकडे परत जावा.

आणि ट्रस्टची माहिती मुलाला वडिलांच्या तोंडूनच मिळावी. विश्वस्तांसाठी, बंधनकारक नसलेले, एक मार्गदर्शक पत्र वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहावे : मुलाचे गुण कोणते, त्याला कशासाठी सढळ हाताने द्यावे, कोठे थांबावे. ते पत्र मुलासमोर वाचले गेले, तर वडिलांच्या मागे वकिलाच्या कचेरीत मृत्युपत्र उघडताना त्याला त्यात अविश्वासाचा ठराव दिसणार नाही. आपल्या लेकीच्या ताटातला घास वेगळा काढून ठेवलेला दिसेल.